एका मीटिंगच्या ट्रान्स्क्रिप्टमधून प्रत्येकासाठी वेगळी कामांची यादी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुंबईतल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटी मीटिंगचा नमुना समोर ठेवून लिहिली आहेत. रविवार, ३ मे २०२६, सकाळी अकरा वाजता. ४८ मिनिटांची मीटिंग, विषय पावसाळ्याआधीची कामं. हजर सहा जण: अध्यक्ष, सचिव, खजिनदार (फ्लॅट ७०२), ३०४ आणि ११०१ चे दोन सदस्य आणि सोसायटीचे मॅनेजर. ऑफिसातल्या मीटिंगलाही हीच पद्धत चालते. सोसायटी निवडली ती अशासाठी, की तिथे लोक मोकळं, अर्धवट आणि एकमेकांवर बोलतात. तिथे यादी नीट निघाली, तर कुठेही निघेल.

इतिवृत्त लिहितोच आहोत, मग वेगळ्या याद्या कशाला?

दोन्हींची कामं वेगळी आहेत. इतिवृत्तात काय ठरलं त्याची नोंद असते. ते पुढच्या मीटिंगमध्ये वाचून कायम होतं आणि दप्तरी राहतं. तीन पानी इतिवृत्त ग्रुपवर टाकलं की ज्याला त्यातल्या दोनच ओळींशी कर्तव्य आहे, तो त्या दोन ओळी शोधत बसत नाही, अंगठा दाखवून पुढे जातो. यादीत फक्त त्याचं काम असतं. यादी काढली म्हणून इतिवृत्त लिहायचं टळत नाही, हे मात्र आधीच सचिवांच्या कानावर घाला.

ट्रान्स्क्रिप्ट हाती आली की आधी तिची भाषा सुधारावी का?

नको. ४८ मिनिटांच्या बोलण्याचे सहा-सात हजार शब्द होतात. ते शुद्ध करत बसलात तर संध्याकाळ जाईल आणि यादी तशीच राहील. तीनच गोष्टी तपासा: माणसांची नावं, आकडे आणि नकार.

आकड्यांत ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेदोन’, ‘साडेतीन’ हे शब्द मशीनला हटकून चकवतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर तर माणसांनाही चकवतात. नकाराचा घोळ जास्त महाग पडतो. ‘करू नका’ मधला ‘नका’ गिळला गेला की जे थांबवायचं तेच काम यादीत चढतं. अशा प्रत्येक जागी रेकॉर्डिंगचे दहा-पंधरा सेकंद कानाने ऐका. त्यासाठी प्रत्येक ओळीपुढची वेळ शाबूत ठेवा. झूम किंवा टीम्समधून .vtt फाइल घेतलीत तर त्यात वेळ असतेच. मजकूर दुसरीकडे चिकटवताना ती उडवू नका.

सगळे सोसायटीच्या ऑफिसात एकाच लॅपटॉपसमोर बसले होते. सगळी वाक्यं एकाच्याच नावावर आली आहेत. आता?

ज्याचं लॉगिन, त्याच्या नावावर सगळं, असं होणारच. पुढच्या वेळी सुरुवातीला रेकॉर्डिंग चालू असल्याचं सगळ्यांना सांगा आणि प्रत्येकाला आपलं पद किंवा फ्लॅट नंबर म्हणायला लावा. आवाज ओळखायला तेवढा नमुना पुरतो.

आत्ता हाती असलेल्या मजकुरात मराठी क्रियापद थोडी मदत करतं. ‘मी काढते’ म्हणणारी बाई आहे, ‘मी टाकतो’ म्हणणारा पुरुष. आपल्या नमुन्यात खजिनदार सोडून सगळे पुरुष आहेत, त्यामुळे ‘काढते’, ‘बोलते’, ‘भरते’ या सगळ्या ओळी एका झटक्यात त्यांच्याकडे जातात. फक्त ‘मी’ गाळलेला असेल तर जपा: ‘ती भरते’ मधलं क्रियापदही तसंच असतं. बाकीच्यांसाठी रेकॉर्डिंग ऐकावंच लागतं, पण तेही कामाच्या ओळींपुरतं.

हजेरीची यादी आधी का करायची?

कारण मीटिंगमध्ये कोणी कोणाला पदाने हाक मारत नाही. ‘काका, तुम्ही बघा’ या वाक्यातले काका कोण? सोसायटीत पन्नाशीपुढचा प्रत्येक पुरुष काका असतो. म्हणून कागदावर सहा ओळी लिहा आणि प्रत्येकापुढे त्याला पडणाऱ्या हाका: ३०४ म्हणजे ‘काका’, ७०२ म्हणजे ‘ताई’, ‘मॅडम’, सचिव म्हणजे ‘सेक्रेटरी साहेब’ आणि ११०१ च्या तोंडी नुसतं ‘अरे’. दोघांना एकच हाक असेल, तर पुढच्या ओळीत उत्तर कोणी दिलं ते पाहा. ज्याला हाक मारली त्यानेच उत्तर दिलेलं असतं, बहुतेक वेळा.

जे आले नाहीत त्यांचीही नावं खाली लिहा. गैरहजर माणसाच्या नावावर कामं टाकायला सगळ्यांनाच आवडतं.

कोणत्या वाक्याला ‘काम’ म्हणायचं?

इथेच निम्म्या याद्या बिघडतात, म्हणून हे सावकाश वाचा. काम धरायला दोन गोष्टी लागतात: करणारा एक माणूस, आणि त्याने स्वतःच्या तोंडाने दिलेला होकार.

‘मी टाकतो’, ‘मी काढते’, ‘मी बोलेन त्यांच्याशी’ यांत दोन्ही आहेत. हे काम.

‘छाटून घ्यायला हव्यात’, ‘अर्ज द्यावा लागेल’, ‘टाकी साफ झाली पाहिजे’ यांत गरज आहे, माणूस नाही. अशी वाक्यं बहुधा अध्यक्षांची असतात आणि ती ठामपणे म्हटलेली असतात, म्हणून ती कामासारखी भासतात. ती खुणेसाठी ठेवा. पुढच्या पाच-सात ओळींत कोणी उचललं का ते शोधा.

‘ते मॅनेजर करतील’ यात माणूस आहे, होकार नाही. मॅनेजर समोर बसलेले असले तरी ते गप्प राहिले तर तो होकार नव्हे.

‘हो, हो’ हा सगळ्यांत फसवा शब्द. तो बरेचदा ‘ऐकतोय’ एवढंच सांगतो. विचारलेल्या प्रश्नाला लागून आलेला ‘हो’ होकार असतो, दुसऱ्याच्या बोलण्यात मधेच पडलेला ‘हो’ हुंकार असतो.

आणि मग ‘बघतो’. मुंबईत ‘बघतो मी’ याचा अर्थ ‘करतो’ही होतो आणि ‘विषय बदला’ही होतो. सोपी कसोटी अशी: पाठोपाठ वस्तू किंवा दिवस आला (‘बघतो, मंगळवारी फोन करतो त्याला’) तर काम. नुसताच ‘बघतो’ असेल तर ते यादीत घाला, पण ‘विचारून घ्या’ अशी खूण करून.

‘आपण करून घेऊ’ हे कोणाच्या यादीत जातं?

कोणाच्याच नाही. पण आधी ‘आपण’ कोणता ते ठरवा, कारण मुंबईत हा शब्द तीन अर्थांनी येतो. ‘आपण टाकी साफ करून घेऊ’ मधला आपण म्हणजे सगळे. ‘आपण जरा कोटेशन मागवाल का?’ मधला आपण म्हणजे आदराने ‘तुम्ही’. ‘मागवाल’वरून ते कळतं आणि समोरच्याने हो म्हटलं की ते त्याचं काम ठरतं. ‘आपण नाही जाणार वॉर्ड ऑफिसला’ असं ११०१ म्हणतो तेव्हा आपण म्हणजे तो स्वतः, आणि तो नकार देतोय.

पहिल्या प्रकारचा आपण एका वेगळ्या यादीत टाका. तिला आम्ही बेवारस कामांची यादी म्हणतो. नमुन्यात टाकी साफ करण्याचं काम असंच बेवारस निघालं: १९व्या मिनिटाला चौघांनी ‘करून घेऊ’ म्हटलं आणि विषय पार्किंगकडे वळला. ही यादी फक्त अध्यक्षांना जाते, ‘यातल्या प्रत्येकाला एक नाव द्या’ एवढ्या मजकुरासह. असं काम सहाही जणांच्या याद्यांत टाकलंत, तर सहाही जण उरलेल्या पाचांची वाट पाहतील.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

झाडाच्या फांद्यांचा विषय घेऊ. मुंबईत खासगी आवारातल्या झाडाच्या छाटणीलाही महापालिकेची परवानगी लागते, म्हणून अर्जाचा प्रश्न आला. ट्रान्स्क्रिप्टमध्ये तो दोन ठिकाणी आहे:

```
[१२:४०] अध्यक्ष: फांद्या छाटून घ्यायला हव्यात, पार्किंगवर आल्यात.
[१२:५२] ३०४: हो, हो. मागच्या वर्षी पण राहिलं.
[१३:०५] अध्यक्ष: वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यावा लागेल.
[१३:११] सचिव: अर्ज मी टाकतो. पण फोटो पाहिजेत.
[१३:१८] अध्यक्ष: ताई, तुम्ही काढाल का?
[१३:२०] ७०२: काढते. परवापर्यंत देते.
...
[३८:२५] सचिव: ते झाडाचं, मी गुरुवारी नाहीये. काका, अर्ज तुम्ही देऊन याल का?
[३८:३३] ३०४: देतो. तयार करून ठेवा फक्त.
```

घाईत वाचणारा १३:११ ला ‘अर्ज: सचिव’ असं लिहून मोकळा होतो. पंचवीस मिनिटांनी ते काम दोन तुकड्यांत फुटलं, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून नियम असा, की कोणतंही काम नोंदवल्यावर त्याचा मुख्य शब्द (इथे ‘झाड’, ‘फांद्या’, ‘अर्ज’) पुढच्या सगळ्या मजकुरात शोधायचा. शेवटचं बोलणं खरं धरायचं.

आता एकेक माणूस घेऊ. ३०४ च्या काकांचा १२:५२ चा ‘हो, हो’ हुंकार आहे, तो सोडून द्या. त्यांचा खरा होकार ३८:३३ ला आहे: तयार अर्ज वॉर्ड ऑफिसला देऊन येणं. खजिनदारांचं काम फोटो काढून देणं, मंगळवार ५ मेपर्यंत. सचिवांकडे आता अर्ज देणं राहिलं नाही, अर्ज तयार करून काकांच्या हाती देणं राहिलं, आणि ते फोटो आल्यावरच होणार. अध्यक्षांच्या नावावर काहीच नाही, जरी विषय त्यांनीच काढला आणि अर्धं बोलणं त्यांचंच आहे.

उरला गुरुवार. काकांनी गुरुवारी जायचं, असं कोणी म्हटलं का? नाही. सचिव त्या दिवशी नाहीत एवढंच कळतं. त्यावरून ‘७ मे’ लिहायचा मोह होतो. लिहा, पण प्रश्न म्हणून: ‘गुरुवार ७ मे, बरोबर का?’

जे बोललं गेलं नाही पण उघडच करावं लागणार, ते यादीत घालावं का?

अर्ज दिल्यावर पोच घ्यायची असते, हे सगळ्यांना माहीत आहे, पण मीटिंगमध्ये कोणी तसं म्हणालं नाही. ते यादीत कामाच्या ओळीत घालू नका. तुम्ही एकदा स्वतःच्या डोक्यातली भर घातलीत की वाचणाऱ्याला कोणती ओळ त्याने कबूल केली आणि कोणती तुम्ही लादली ते कळत नाही, आणि मग तो सगळ्याच यादीवर शंका घेतो. फारच वाटलं तर खाली ‘सुचवणी’ असं लिहून वेगळी ओळ द्या.

‘परवा’, ‘पुढच्या रविवारी’, ‘पावसाच्या आधी’ या तारखा कशा लिहायच्या?

मीटिंगच्या दिवसापासून मोजून, वार आणि तारीख दोन्ही लिहून. वार चुकला तर तारखेवरून कळतं, तारीख चुकली तर वारावरून.

परवा म्हणजे इथे मंगळवार ५ मे. पण ‘परवा’ मागचाही असतो: ‘परवा फोन केला होता’ हे झालेलं काम आहे, क्रियापदाचा काळ पाहा. ‘येत्या रविवारी’ म्हणजे १० मे, यात वाद नाही. ‘पुढच्या रविवारी’ म्हणजे काहींना १० मे आणि काहींना १७. तिथे अंदाज नको, बोलणाऱ्यालाच विचारा. ‘पंधरा दिवसांत’ आणि ‘पंधरा तारखेपर्यंत’ यांची ट्रान्स्क्रिप्टमध्ये सरमिसळ होते, रेकॉर्डिंग ऐका.

‘पावसाच्या आधी’ ही तारीखच नाही. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, आणि गच्चीचं काम त्याच्या आदल्या दिवशी संपवून चालत नाही. अशा ठिकाणी तारखेचा रकाना रिकामा ठेवा आणि अध्यक्षांना विचारा. नमुन्यात त्यांनी नंतर रविवार ३१ मे अशी तारीख दिली.

एकाचं काम दुसऱ्यावर अडलेलं असेल तर?

दोन्ही याद्यांत त्याचा उल्लेख हवा, पण वेगळ्या तोंडाने. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मॅनेजर शुक्रवार १५ मेपर्यंत तीन कोटेशन आणणार आहेत आणि ‘ती आली की मी तक्ता करते’ असं खजिनदार म्हणाल्या. मॅनेजरांच्या ओळीत लिहा: ‘ताई यासाठी थांबल्या आहेत.’ खजिनदारांच्या ओळीत: ‘कोटेशन मॅनेजर देतील, १५ मेपर्यंत. तोवर काही करायचं नाही.’ हे शेवटचं वाक्य किरकोळ वाटतं, पण ते नसेल तर ताई सोमवारीच मॅनेजरना फोन करतात.

तक्ता कधीपर्यंत, ते त्या बोलल्याच नाहीत. म्हणून तारीख न घालता ‘कोटेशन आल्यापासून किती दिवसांत?’ असं विचारा.

तक्ता कसा मांडायचा आणि त्यातून याद्या कशा फोडायच्या?

गूगल शीट्समध्ये ‘कामे’ नावाचं एक पान करा. रकाने सात: A क्रमांक, B काम, C कोणी, D कधीपर्यंत, E कशावर अडलंय, F ट्रान्स्क्रिप्टमधली वेळ, G विचारून घ्यायचं का. मग प्रत्येकासाठी वेगळं पान आणि त्यात एकच सूत्र:

```
=FILTER('कामे'!B2:F, 'कामे'!C2:C="खजिनदार")
```

यात दोन खड्डे आहेत. C रकान्यात ‘सचिव, खजिनदार’ अशी दोन नावं लिहिलीत तर ती ओळ दोघांच्याही यादीत येत नाही, कारण सूत्र तंतोतंत जुळणी पाहतं. दोघं मिळून करणार असतील तर कोण काय करणार ते विचारून दोन ओळी करा. दुसरा खड्डा शुद्धलेखनाचा: एकदा ‘सचिव’, एकदा ‘सचीव’, किंवा मागे एखादी मोकळी जागा राहिली, की ओळ गुपचूप गळते. C रकान्याला ड्रॉपडाउन लावा, म्हणजे नाव टाइप करावंच लागणार नाही. बेवारस कामांनाही त्यात ‘बेवारस’ असा पर्याय ठेवा.

शेवटी बेरीज जुळवा. नमुन्यात ‘कामे’ पानावर १४ ओळी होत्या: सचिव ४, मॅनेजर ४, खजिनदार ३, ३०४ कडे १ आणि बेवारस २. बेरीज १४. ती १३ आली असती तर याद्या पाठवायच्या आधी गळलेली ओळ शोधावी लागली असती.

यादी पाठवायची कशी?

व्हॉट्सॲपवर, ज्याची त्याला, थेट. ग्रुपवर सहा याद्या टाकल्या की पुन्हा सगळ्यांनी सगळं वाचायचं. शिवाय मीटिंगमध्ये थकबाकीदारांची नावं निघालेली असतात. ती दुसऱ्याच्या यादीत जायचं कारण नाही.

प्रत्येक ओळ मीटिंगला नसलेल्या माणसालाही कळावी अशी लिहा. ‘झाडाचं बघणे’ ही ओळ आठवड्याने लिहिणाऱ्यालाही कळत नाही. खजिनदारांना गेलेली यादी अशी:

```
नमस्कार ताई, ३ मेच्या मीटिंगमधली तुमची कामं:
१. पार्किंगवर आलेल्या फांद्यांचे फोटो काढून सचिवांना
   व्हॉट्सॲप करणे. मंगळवार ५ मेपर्यंत.
   (ते अर्जाला जोडायचे आहेत.) [१३:२०]
२. वॉटरप्रूफिंगच्या तीन कोटेशनचा तक्ता करणे.
   कोटेशन मॅनेजर देतील, शुक्रवार १५ मेपर्यंत.
   तोवर काही करायचं नाही. [२४:०६]
   प्रश्न: कोटेशन आल्यापासून किती दिवसांत?
३. लिफ्टच्या वार्षिक देखभालीचं बिल भरणे.
   रविवार १० मेपर्यंत. [३१:४८]
काही चुकलं असेल तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवा.
```

कंसातला एका ओळीचा ‘कशासाठी’ गाळू नका. तो वाचूनच ताई फांद्यांच्या जोडीला पार्किंगचा फलकही फोटोत घेतील. मॅनेजरना पाठवताना ओळी आणखी आखूड ठेवा, ते यादी उभ्या उभ्या वाचतात.

ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याला काही पाठवायचं का?

हो, एक ओळ: ‘या मीटिंगमधून तुमच्याकडे काही काम आलेलं नाही.’ नाहीतर ११०१ ला आपली यादी यायची राहिली असं वाटतं आणि ते इतिवृत्त उघडून शोधत बसतात. त्यांच्या पानावर सूत्र #N/A दाखवेल. पण ते नाव चुकीचं लिहिल्यामुळेही दिसतं, म्हणून ड्रॉपडाउनमधलं नाव एकदा पडताळून मगच ही ओळ पाठवा.

‘मी असं म्हटलंच नव्हतं’ असं कोणी म्हणालं तर?

म्हणूनच प्रत्येक ओळीपुढे वेळ आहे. वाद घालू नका, [१३:२०] च्या आगेमागे अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवा. कधी त्यांची आठवण चुकलेली असते, कधी तुम्ही हुंकाराला होकार समजलेला असता. दुसरं असेल तर ओळ त्यांच्या यादीतून काढून बेवारसमध्ये टाका आणि अध्यक्षांना कळवा. गुपचूप दुसऱ्या कोणाच्या नावावर सरकवू नका. त्याने तर अजिबातच म्हटलेलं नसतं.

या सगळ्याला वेळ किती लागतो?

४८ मिनिटांच्या मीटिंगला सवय झाल्यावर दीड तास धरा. त्यातला निम्मा वेळ पहिल्या वाचनात आणि शब्द शोधण्यात जातो, वीसेक मिनिटं रेकॉर्डिंगचे तुकडे ऐकण्यात, बाकी तक्ता आणि पाठवणं. मीटिंग झाली त्याच संध्याकाळी बसा. सोमवारवर ढकललंत तर नमुन्यातलं फोटोचं काम हातात एकच दिवस उरल्यावर ताईंना कळेल.